कंपनी बदलली, नंबर तोच: ओटीपी, युपीआय आणि आधारचं काय होतं

प्रश्न: वडील निवृत्त शिक्षक आहेत. नोकरी मुंबईत होती, आता गावी पाटण तालुक्यात राहतात. त्यांचा मुंबईत घेतलेला जुना पोस्टपेड नंबर आहे, पण गावात त्या कंपनीला रेंजच येत नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची आहे. पेन्शनचं खातं, आधार, गॅस, युपीआय, व्हॉट्सॲप सगळं याच नंबरवर आहे. ओटीपी बंद पडतील का? बँकेत आणि आधार केंद्रात पुन्हा नंबर नोंदवावा लागेल का? सिम बहुतेक माझ्या नावावर आहे, त्याने काही अडेल का?

उत्तर:

काही वर्षं मी एका मोबाइल कंपनीच्या पोर्टिंग विभागात होतो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, यालाच पोर्ट करणं म्हणतात. त्यानंतर बँकांचे संदेश ग्राहकांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेवर काम केलं. त्यामुळे पोर्ट झालेला नंबर आणि न पोहोचलेला ओटीपी या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत.

पहिलं उत्तर सरळ आहे. बँकेत, आधारला, गॅस एजन्सीत कुठेही पुन्हा नंबर नोंदवायचा नाही. त्यांच्याकडे फक्त दहा आकडे लिहिलेले असतात. तो नंबर कुठल्या कंपनीचा आहे याची नोंद त्यांच्याकडे नसते आणि त्यांना ती लागतही नाही. पोर्टमध्ये ते दहा आकडे बदलत नाहीत, म्हणून जोडणी तुटत नाही.

पण पोर्टमध्ये एक गोष्ट नक्की बदलते, ती म्हणजे सिम. नव्या कंपनीचं सिम वेगळं असतं आणि त्याच्या आतला ओळख क्रमांकही वेगळा असतो. काही सेवा तुमच्या नंबरला ओळखतात आणि काही सेवा तुमच्या सिमला. नंबरला ओळखणाऱ्यांना काहीच फरक पडत नाही. सिमला ओळखणाऱ्यांना वाटतं की हा माणूस बदलला असावा, आणि ते पुन्हा खात्री मागतात. लोकांची जी धांदल उडते ती बहुतेक या दुसऱ्या गटामुळे उडते.

आधार, पेन्शनचं खातं, गॅस, पॅन, डिजिलॉकर हे पहिल्या गटातले. व्हॉट्सॲपही जवळपास त्याच गटातलं. ते एकदा नंबर तपासून घेतं आणि पोर्ट झाल्यावर सहसा काही विचारत नाही. ॲप काढून पुन्हा टाकलं तर मात्र नव्याने ओटीपी मागेल, म्हणून या आठवड्यात ते काढू नका. युपीआयची ॲप आणि बँकांची स्वतःची मोबाइल ॲप दुसऱ्या गटातली.

सिम कोणाच्या नावावर आहे हे पहिल्यांदा पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. नंबर पोस्टपेड आहे, म्हणजे बिलावर नाव छापलेलं असेल. शिवाय sancharsaathi.gov.in या सरकारी संकेतस्थळावर तुमचा नंबर टाकून ओटीपी दिला, की तुमच्या नावावर चालू असलेल्या नंबरांची यादी दिसते. त्यात वडिलांच्या नंबरचे काही आकडे ओळखता येतील. नंबर तुमच्या नावावर निघाला तर नव्या कंपनीच्या दुकानात कागदपत्रांसाठी तुम्हालाच जावं लागेल, वडिलांनी जाऊन काम होणार नाही. आधार वडिलांचं आणि सिम मुलाचं असलं तरी ओटीपी यायला काहीच अडचण नसते, कारण आधारची यंत्रणा सिमचा मालक कोण हे पाहत नाही.

मग आधी नंबर वडिलांच्या नावावर करून मग पोर्ट करावं का? तुमच्या जागी मी असतो तर आधी पोर्ट केलं असतं. मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित असेल तर पोर्ट नाकारलं जातं. आणि त्या कामात सिम बदलून मिळालं तर आणखी एक अट आडवी येते. १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. हा नियम चोरांना अडवण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या नंबरचं सिम फसवून काढायचं आणि लगेच तो नंबर दुसऱ्या कंपनीत पळवायचा, असे प्रकार होत होते. पण प्रामाणिक माणसालाही तो लागू होतो. पोर्ट होऊन महिनाभर सगळं नीट चाललं, की नव्या कंपनीत नाव बदलून घ्या.

दुसरी गोष्ट रेंजची. एकदा पोर्ट केल्यावर पुन्हा पोर्ट करायचं तर ९० दिवस थांबावं लागतं. म्हणून ज्या कंपनीत जायचं तिचं सिम असलेला फोन आधी घरात दोन दिवस ठेवून बघा. कोणा शेजाऱ्याचा किंवा पाहुण्यांचा असला तरी चालेल. ओसरीवर रेंज आहे आणि आतल्या खोलीत नाही असं गावाकडे नेहमी होतं. वडील फोन जिथे ठेवतात तिथे बघा. ओटीपीचा एसएमएस फार थोड्या सिग्नलवरही येतो, पण सिग्नल सारखा येत-जात असेल तर तो उशिरा येतो. तोवर पानावरची मुदत संपलेली असते.

आता प्रत्यक्ष काम. वडिलांच्या फोनवरून, त्याच नंबरवरून, १९०० ला हा एसएमएस पाठवायचा. शेवटी त्यांचा दहा आकडी नंबर लिहायचा:

```
PORT 98XXXXXXXX
```

उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो, त्याला युपीसी म्हणतात. डिसेंबर २०१९ पासून हा कोड जुनी कंपनी देत नाही. पोर्टिंगचं काम पाहणारी वेगळी मध्यस्थ संस्था तो देते, आणि देण्याआधी तुमची पात्रता तपासते. नंबर चालू होऊन किंवा मागच्या पोर्टला ९० दिवस झाले का, पोस्टपेडचं मुदत उलटलेलं बिल थकलं आहे का, मालकी बदलाचा अर्ज अडकला आहे का, अशा गोष्टी त्यात येतात. म्हणून कोड मिळाला याचा अर्थ या तपासण्या पार पडल्या. नाकारलं तर कारण एसएमएसमध्येच येतं. तुमच्या बाबतीत बिलाची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून आदल्या दिवशी चालू बिल भरून टाका आणि पावती ठेवा. घरात अजिबात रेंज नसेल तर हा एसएमएस जिथे रेंज येते तिथे जाऊन पाठवावा लागेल, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबावं लागेल.

कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन कागदपत्रं, फोटो, कोड द्यायचा. तिथे नवीन सिम हातात मिळतं, पण ते लगेच चालू होत नाही. जुनं सिम चालूच राहतं आणि फोनमध्येही तेच ठेवायचं. पोर्टची तारीख आणि अंदाजे वेळ कळवणारा एसएमएस याच जुन्या सिमवर येतो. नवीन सिम घाईने घातलं म्हणून तो संदेश चुकलेले खूप लोक मी पाहिले आहेत.

किती दिवस लागतात? इथे तुमच्या नंबरचं मुंबईतलं मूळ आड येतं. दूरसंचारच्या नकाशात मुंबई हे एक वेगळं सर्कल आहे, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. एकाच सर्कलमध्ये पोर्ट करायला तीन कामाचे दिवस लागतात. मुंबईचा नंबर पाटणच्या किंवा कराडच्या दुकानातून पोर्ट केला, की तो एका सर्कलमधून दुसऱ्यात जातो आणि त्याला पाच कामाचे दिवस लागतात. ही सोय जुलै २०१५ पासून देशभर आहे, त्याआधी अशी उडी मारताच येत नव्हती. कामाचे दिवस म्हणजे रविवार आणि सुट्ट्या सोडून. सोमवारी अर्ज दिला आणि मध्ये एखादा सण आला, तर पुढचा सोमवार-मंगळवार उजाडू शकतो.

म्हणून तारीख निवडताना थोडा विचार करा. नोव्हेंबरमध्ये पेन्शनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचं काम असतं. शेती असेल तर पीएम किसानची ई-केवायसी कधीतरी अडून बसते. आयकर विवरणपत्राची शेवटची तारीख असते. अशा कोणत्याही मुदतीच्या आठवड्यात पोर्ट लावू नका. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी घराच्या व्यवहाराच्या आदल्या दिवशी पोर्टची रात्र येऊ दिली. सकाळी त्यांना मोठी रक्कम पाठवायची होती आणि बँकेचं ॲप सिम ओळखत नव्हतं. शेवटी शाखेत जाऊन आरटीजीएसचा कागद भरावा लागला. शाखा जवळ होती म्हणून काम झालं. तुमच्या वडिलांची शाखा मुंबईत असेल तर ही वाटही सोपी उरणार नाही.

अर्ज दिल्यावर मन बदललं तर २४ तासांच्या आत जुन्या सिमवरून पुन्हा १९०० ला कळवून पोर्ट रद्द करता येतं:

```
CANCEL 98XXXXXXXX
```

हा एसएमएस वडिलांच्या फोनमध्ये लिहूनच ठेवा, कारण त्याचा खरा उपयोग वेगळ्या वेळी आहे. कधी काही केलेलं नसताना ‘तुमची पोर्टची विनंती मिळाली’ असा संदेश आला, तर कोणीतरी नंबर पळवतो आहे असं समजा आणि त्याच क्षणी रद्द करा. युपीसी कोड म्हणजे नंबराची किल्ली. ‘सिम फाईव्ह-जी करून देतो, आलेला कोड सांगा’ असं फोनवर विचारणारा माणूस ती किल्लीच मागत असतो. दुकानात समोर बसून फॉर्म भरताना सोडून तो कोड कुणालाही सांगायचा नाही, हे वडिलांना दोनदा सांगा. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा.

पोर्टच्या दिवशी, बहुतेक वेळा रात्री, जुन्या सिमची रेंज अचानक जाते. जुनी कंपनी नंबर सोडते आणि नवी तो आपल्याकडे चालू करते, यामध्ये चारेक तासांपर्यंत नंबर मुका राहू शकतो. या काळात आलेला ओटीपी मिळेल असं धरू नका. रेंज गेली की नवीन सिम घाला, फोन बंद करून चालू करा आणि नव्या कंपनीने सांगितलेलं फोनवरचं पडताळणीचं काम करा. जुन्या सिमवर जतन केलेले संपर्क असतील तर ते आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. वयस्कर माणसांच्या फोनमध्ये अजूनही निम्मे नंबर सिमवरच असतात.

सिग्नल आला, फोन लागला. आता तुमच्या खऱ्या काळजीचा भाग.

दूरसंचार विभागाचा आदेश आहे की हरवलं, खराब झालं म्हणून किंवा ई-सिम करायचं म्हणून कोणी सिम बदलून घेतलं, तर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येऊ-जाऊ द्यायचे नाहीत. चोराने दुसऱ्याचं सिम काढलंच, तर त्या दिवसात त्याला ओटीपी मिळू नये हा हेतू. हा नियम सिम बदलण्यासाठी आहे. पण पोर्टमध्येही सिम नवीनच असतं, म्हणून मी पोर्टनंतरचा पहिला दिवस ओटीपीच्या कामांसाठी धरतच नाही. आला तर चांगलं. आणि एक करू नका: पोर्ट झाल्या झाल्या ते सिम ई-सिम करून घेऊ नका, नाहीतर हा २४ तासांचा काळ नक्की मागे लागेल.

पहिला दिवस गेला आणि तरी एखाद्या ठिकाणचा ओटीपी येत नाही, असं झालं तर कारण शोधायला एक गोष्ट माहीत हवी. पूर्वी नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता यायची. पोर्टिंग आल्यापासून ते शक्य नाही. म्हणून प्रत्येक कंपनी पोर्ट झालेल्या नंबरांची एक यादी जवळ ठेवते. हा नंबर आता कोणाकडे राहतो, हे त्या यादीत असतं. बँकेचा ओटीपी बँकेकडून संदेश पाठवणाऱ्या मध्यस्थाकडे जातो, तिथून एका मोबाइल कंपनीकडे. ती कंपनी यादी पाहते आणि तुमच्या नव्या कंपनीकडे तो सोपवते. तुमचा नंबर पोर्ट झाला की युपीसी देणारी ती पोर्टिंगची मध्यस्थ संस्था सगळ्या कंपन्यांना कळवते आणि त्या यादी दुरुस्त करतात. बहुतेक वेळा हे लगेच होतं. कधी कुठेतरी जुनीच नोंद राहून जाते. मग त्या वाटेने निघालेला प्रत्येक संदेश जुन्या घराच्या दारात जाऊन परत फिरतो. तुमची बँक, तुमचा फोन आणि नवी कंपनी तिघेही ठीक असतात, वाटेतला एकच माणूस जुना पत्ता धरून बसलेला असतो.

हे ओळखायची रीत सोपी आहे आणि बँकेच्या हेल्पलाइनवर तासभर थांबण्याआधी ती करून बघावी. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे नंबर असलेल्या तीन नातेवाइकांना वडिलांच्या नंबरवर एक फोन आणि एक साधा एसएमएस करायला सांगा. व्हॉट्सॲप नको, साधा एसएमएस. कुणाचाच एसएमएस येत नसेल, तर अडचण नव्या कंपनीच्या सिममध्ये किंवा २४ तासांच्या बंदीत आहे. एकाच कंपनीवरून फोन लागत नाही किंवा एसएमएस येत नाही आणि बाकीच्यांचे येतात, तर त्या एका कंपनीच्या यादीत जुनी नोंद आहे. तिघांचेही येतात आणि फक्त एका बँकेचा ओटीपी येत नाही, तर त्या बँकेचे संदेश ज्या वाटेने येतात तिथे गोंधळ आहे.

ती वाट कोणती, हे तुमच्या फोनमध्येच लिहिलेलं असतं. बँकेच्या जुन्या एसएमएसवर पाठवणाऱ्याचं नाव बघा. सुरुवातीला दोन अक्षरं आणि मग आडवी रेघ असते, जसं `VM-` किंवा `JD-`. त्यातलं पहिलं अक्षर संदेश कुठल्या मोबाइल कंपनीतून निघाला ते सांगतं, दुसरं सर्कल सांगतं. जिओसाठी `J`, एअरटेलसाठी `A`, व्होडाफोनसाठी `V`, बीएसएनएलसाठी `B` असं साधारण चालतं. हे अक्षर पाठवणाऱ्या कंपनीचं असतं, तुमच्या कंपनीचं नव्हे. जिओच्या ग्राहकाला `V` ने सुरू होणारा ओटीपी येणं अगदी नेहमीचं आहे. पोर्टनंतर `J` वाले सगळे संदेश येत आहेत आणि पूर्वी `V` ने येणारे एकदम थांबले, असं दिसलं की दोष कुठे आहे ते तुम्ही घरबसल्या शोधलेलं असतं.

तक्रार मात्र नव्या कंपनीकडेच करायची. जुनी म्हणेल नंबर आमच्याकडे नाही, बँक म्हणेल आम्ही पाठवला. दोघांचंही खरं असतं. तक्रारीत ‘ओटीपी येत नाहीत’ एवढंच लिहिलं, तर फोन बंद करून चालू करा असं उत्तर येतं. पोर्टची तारीख, कोणत्या वेळी कोणाचा संदेश यायला हवा होता, त्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि कोणत्या कंपन्यांवरून एसएमएस नीट येतो, हे चार तपशील लिहून तक्रार क्रमांक घ्या. अशी तक्रार तांत्रिक विभागापर्यंत जाते. ती माझ्या टेबलावर आली की यादी पाहून नोंद दुरुस्त करायला फार वेळ लागत नसे. अडचण एवढीच होती की शंभरातल्या बहुतेक तक्रारींत हे तपशील नसायचे.

तोवर आधारच्या ओटीपीला एक पर्याय हाताशी ठेवता येतो, पण तो पोर्टच्या आधीच तयार करायला हवा. वडिलांच्या फोनवर एमआधार ॲप टाका आणि त्यांचं आधार त्यात जोडा. त्यासाठी एकदा एसएमएसचा ओटीपी लागतो, म्हणून जुनं सिम चालू असतानाच हे करा. मग ॲपमध्येच आठ आकडी कोड मिळतो, त्याला टीओटीपी म्हणतात. तो दर तीस सेकंदांनी बदलतो. जिथे पानावर एसएमएसऐवजी टीओटीपी वापरायची सोय दिलेली असते, तिथे तो चालतो. प्रत्येक ठिकाणी ती सोय नसते. गूगल खात्यावर दुहेरी पडताळणी असेल, तर त्याचे राखीव कोड आधीच कागदावर लिहून ठेवा.

आता युपीआय. इथे उलटं घडतं. ओटीपीमध्ये बँक तुम्हाला एसएमएस पाठवते, पण युपीआयची ॲप नोंदणीच्या वेळी तुमच्या फोनमधून गुपचूप एक एसएमएस बाहेर पाठवते. तो कोणत्या नंबरवरून आला ते पाहून ॲप खात्री करते की हे सिम याच फोनमध्ये आहे. मग तो फोन आणि ते सिम यांची गाठ बांधली जाते. नवीन सिम घातलं की ही गाठ सुटते आणि ॲप उघडल्यावर ‘सिम बदललं आहे, पुन्हा पडताळणी करा’ असं सांगते. खातं बंद पडलं असं समजून वडील घाबरतील, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.

पुन्हा पडताळणी करताना तीन गोष्टी पाहायच्या. नव्या योजनेत बाहेर जाणारे एसएमएस आहेत ना? स्वस्तातल्या काही योजनांत ते नसतात, आणि मग ॲप नुसतं गोल फिरत राहतं. फोनमध्ये दोन सिम असतील तर पडताळणीसाठी बरोबर सिम निवडलं आहे ना? आणि ॲपला एसएमएसची परवानगी आहे ना? पडताळणी अपयशी झाली तर दहादा दाबू नका, काही ॲप त्यावरून काही तास अडवून ठेवतात. एक दिवस जाऊ द्या, साध्या नंबरवर एसएमएस जातो का ते बघा, मग करा. पडताळणी झाली की त्याच नंबराला जोडलेलं बँक खातं आपोआप दिसतं आणि जुना युपीआय पिन सहसा तसाच चालतो. तो विसरला असेल तर डेबिट कार्ड जवळ ठेवा, नवा पिन करायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. नव्या नोंदणीनंतर पहिल्या दिवशी सहसा ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात, त्यामुळे त्या दिवशी कुणाला मोठी रक्कम द्यायचं ठरवू नका. घरात थोडी रोख ठेवा.

बँकेच्या स्वतःच्या ॲपचंही असंच. तेही सिम पाहतं आणि पुन्हा नोंदणी मागतं. त्यात नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा कार्ड लागतं. गावात ऐनवेळी पासवर्डची वही सापडत नाही, म्हणून पुण्या-मुंबईला असाल तर तो आधीच तपासून घ्या. त्याच आठवड्यात वडिलांना नवा फोन घेऊन देऊ नका. सिम आणि फोन दोन्ही एकदम बदलले की कुठली गाठ कशामुळे सुटली, हे कळणं फार कठीण होतं. दोन्हींमध्ये निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

शेवटी जुनं बिल. पोस्टपेड नंबर पोर्ट केल्यावर बहुतेक जण इथे चुकतात, आणि माझ्या घरीही हे झालं आहे. माझ्या मामांचा पोस्टपेड नंबर आम्ही पोर्ट केला. पोर्टच्या आधी बिल भरलेलं होतं, कोड मिळाला, सगळं सुरळीत झालं. पण शेवटचं बिल झाल्यापासून पोर्ट होईपर्यंतच्या काही दिवसांचं आणखी एक बिल नंतर निघतं. ते दोनशे-सव्वादोनशे रुपयांचं होतं आणि गेलं एका जुन्या ईमेलवर, जो मामा कधी उघडत नव्हते. जुन्या कंपनीने ती थकबाकी नव्या कंपनीला कळवली. नियम तसाच आहे, पोर्टनंतरही जुनी कंपनी पोर्टिंगच्या मध्यस्थ संस्थेमार्फत नंबर बंद करायला सांगू शकते. आलेली सूचना मामांनी जाहिरात समजून पुसून टाकली. एके दिवशी बाहेर जाणारे फोन बंद झाले. रक्कम भरून, दोन्ही कंपन्यांत खेटे घालून नंबर पुन्हा चालू होईपर्यंत त्यांचं बँकेचं एकही काम झालं नाही. पोर्ट होऊन तेव्हा दोन महिने उलटले होते, त्यामुळे त्याचा संबंध पोर्टशी आहे हे सुरुवातीला आमच्याही लक्षात आलं नाही.

पोर्ट झाल्याच्या दिवशीच जुन्या कंपनीच्या हेल्पलाइनला दुसऱ्या फोनवरून विचारा: शेवटचं बिल कधी निघेल, कुठे पाठवाल, अनामत रक्कम असेल तर ती परत कशी मिळेल. जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये आता त्या नंबरने आत जाता येत नाही, म्हणून खाते क्रमांक आधीच टिपून ठेवा, आणि नोंदवलेला ईमेल पोर्टच्या आधीच बदलून स्वतःचा द्या. बिल आलं की भरा, आणि थकबाकी नसल्याचं त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. एसएमएस किंवा ईमेल चालतो. तो हाती आल्यावरच वडिलांच्या नावावर नंबर करण्याचा अर्ज नव्या कंपनीत द्या.